चोवीस ठोकळे आणि एकच वेग: एका थ्रीडी प्रिंटचं प्रकरण

काम साधं होतं. अवजारं उभी खोचून ठेवायचा एक ठोकळा, १२० मिमी लांब, ८० मिमी रुंद, ३० मिमी उंच. वरून सहा गोल भोकं, प्रत्येक २५ मिमी खोल. अवजारांचे दांडे १२ मिमी जाडीचे, म्हणून भोकं डिझाइनमध्ये १२.४ मिमी ठेवलेली. असे चोवीस ठोकळे, आणि प्रत्येकासोबत एक छोटं गोल टोपण. साहित्य पीएलए प्लास्टिक, नोझल ०.४ मिमी, थर ०.२ मिमी, भिंतीला तीन रेघा, आत १५ टक्के ग्रिड इन्फिल, म्हणजे पोकळी भरणारी चौकटींची जाळी. मशीन एकच, तेही बेड पुढेमागे सरकणारं.

नमुन्याचा पहिला ठोकळा मी पहिला थर सोडून सगळीकडे ५० मिमी प्रतिसेकंद ठेवून काढला होता. ज्यांना द्यायचा त्यांना तो आवडला. इथपर्यंत सगळं छान. मग हिशेब मांडला. एका ठोकळ्याला ४ तास ५६ मिनिटं. सकाळी सात ते रात्री अकरा मी मशीनजवळ असतो. बेड थंड होऊन ठोकळा सुटायला आणि पुढचा लावायला वीस मिनिटं धरली, तर दिवसा तीन आणि रात्रभर सोडलेला एक, असे चार. चोवीस ठोकळ्यांना सहा दिवस. हातात होते सात, आणि त्यातले दोन चाचण्यांत जाणार हे मला माहीत होतं. म्हणजे पाच दिवसांत चोवीस, रोज पाच ठोकळे.

पहिली चूक मी तीच केली जी घाईत सगळे करतात. मॉडेलचे थर पाडून मशीनसाठी सूचना बनवणाऱ्या स्लायसरमधले वेगाचे सगळे रकाने निवडले आणि ५० च्या जागी १२० लिहिलं. पहिला थर तेवढा नमुन्यासारखाच २५ वर ठेवला, कारण तो बेडला नीट चिकटला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. ठोकळा २ तास २४ मिनिटांत निघाला. हातात घेतला आणि तीन गोष्टी दिसल्या.

बाहेरच्या भिंतीवर, प्रत्येक कोपऱ्यानंतर, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा पुसट लाटा. उजेड तिरपा पडला की चार-पाच सहज मोजता येत होत्या. दुसरं, भोकं. कॅलिपर एका दिशेने लावला तर १२.१, दुसऱ्या दिशेने ११.९. दांडा आत जाईना. नमुन्यात हेच माप १२.२५ होतं. तिसरं, वरचा पृष्ठभाग. रेघा एकमेकींना नीट चिकटलेल्या नव्हत्या, मधेमधे बारीक फटी, आणि दोन-तीन ठिकाणी सुईने टोचल्यासारखे खड्डे.

वेग परत ७० वर आणून तडजोड करता आली असती. तीही अर्धवट झाली असती: थोड्या कमी लाटा, थोडी कमी घट्ट भोकं, आणि दिवसाला पाच ठोकळे बसतीलच याची खात्री नाही. त्यापेक्षा आधी बघितलं की ४ तास ५६ मिनिटं नेमकी जातात कुठे.

स्लायसरच्या प्रिव्ह्यूमध्ये रेघांच्या प्रकारानुसार वेळ दाखवणारा तक्ता असतो. बरेच जण तो रंगांची खूण म्हणूनच बघतात. माझ्या नमुन्याचा तक्ता असा होता: बाहेरची भिंत ३१ मिनिटं, आतल्या दोन रेघा ६२, इन्फिल १२९, आतले भरीव थर ४३, सगळ्यात वरचा दिसणारा थर ६, पहिला थर १२, आणि नोझलची रिकामी धावपळ वगैरे १३.

हे आकडे ठोकळ्याच्या मापांवरूनही पडताळता येतात. एका थरात बाहेरची रेघ ठोकळ्याभोवती साधारण ४०० मिमी आणि सहा भोकांभोवती मिळून सव्वादोनशेच्या आसपास, म्हणजे एकूण ६२५ मिमी. ५० च्या वेगाने साडेबारा सेकंद. असे १५० थर, झाली ३१ मिनिटं. एक भरीव थर घेतला तर त्यात सुमारे १८ मीटर रेघ असते, म्हणून तो एकटाच सहा मिनिटं खातो.

आता हा तक्ता वेगळ्या नजरेने वाचा. माणूस ठोकळा हातात घेतो तेव्हा त्याला बाहेरची भिंत दिसते, भोकांची आतली बाजू लागते आणि वरचा थर दिसतो. ही तिन्ही कामं मिळून ३१ आणि ६, म्हणजे ३७ मिनिटं. उरलेल्यातले जवळजवळ चार तास अशा रेघांवर जातात ज्या ठोकळा फोडल्याशिवाय कुणालाच दिसणार नाहीत. म्हणजे मी आधी अगदी उलटं केलं होतं. दिसणारी ३७ मिनिटं पळवून वाचवली तरी वाचणार किती? वीसेक मिनिटं. आणि तेवढ्यासाठी ठोकळ्याचं रूप आणि माप दोन्ही घालवलं.

तेव्हा ठरवलं की बाहेरची भिंत आणि वरचा थर नमुन्यापेक्षाही हळू काढायचे आणि वेळ न दिसणाऱ्या भागातून वसूल करायचा. पण प्रत्येक आकडा कुठे थांबतो ते एकेक करून शोधावं लागलं.

चाचणीसाठी दर वेळी पूर्ण ठोकळा काढायची गरज नसते. मॉडेलचा एक कोपरा कापून घेतला, ४० मिमीचा चौकोन, त्यात एक भोक, उंची १२ मिमी. त्यात कोपरा आहे, भोक आहे, इन्फिल आहे आणि वरचा थरही आहे. मात्र एवढ्याशा तुकड्यात एक थर फार लवकर संपतो आणि थंड व्हायला वेळ मिळावा म्हणून स्लायसर स्वतःच वेग उतरवतो. मग आपण १२० ची चाचणी करतोय असं समजतो आणि मशीन मात्र भलत्याच वेगाने चालत असतं. म्हणून असे दोन तुकडे एकदम लावले आणि प्रिव्ह्यूमध्ये वेगाचे रंग तपासूनच प्रिंट सुरू केली.

बाहेरच्या भिंतीपासून सुरुवात केली. वेग १२० वरून ४० वर आणला. लाटा गेल्या असं आधी वाटलं. मग नख फिरवलं तर खरखर जाणवली. लाटा गेल्या नव्हत्या, जवळ आल्या होत्या. आधी दोन लाटांमध्ये २.४ मिमी अंतर होतं, आता जेमतेम ०.८. यातून मशीनची गोष्ट कळते. १२० मिमी प्रतिसेकंद वेगाने २.४ मिमीला एक लाट, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकावे. ४० च्या वेगाने ०.८ मिमीला एक, म्हणजे पुन्हा पन्नासच. कोपऱ्यावर दिशा बदलताना बसणाऱ्या धक्क्याने मशीनचा सांगाडा आणि पट्टे आपल्या ठरलेल्या गतीने थरथरतात. नोझल हळू चालली की तीच थरथर कमी जागेत उमटते, एवढंच.

थरथर किती मोठी हे ठरतं धक्क्यावरून, आणि धक्का प्रवेगावर अवलंबून असतो. माझ्याकडे प्रवेग सगळीकडे २००० मिमी प्रतिसेकंद वर्ग होता. फक्त बाहेरच्या भिंतीचा तो ७०० वर आणला, वेग ४० वरच ठेवला. या वेळी तिरप्या उजेडात बराच वेळ शोधावं लागलं तेव्हा कोपऱ्याजवळ एक पुसट लाट सापडली. ठोकळ्याला कोपरे चारच, त्यामुळे या बदलाने अख्ख्या प्रिंटमध्ये अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ वाढला. वेगाचा आकडा सगळे बदलतात, पण त्याखालचा प्रवेगाचा रकाना उघडून बघणारे थोडे. मीही वर्षभर उघडला नव्हता.

मग मोह झाला. प्रवेग कमी ठेवून वेग ६० केला तर? भिंत जवळपास तशीच निघाली. तेरा मिनिटं वाचली असती. पण भोक मोजलं तर १२.१५, आणि किंचित लांबट. गोल वळणावर गरम प्लास्टिकची रेघ आतल्या बाजूला ओढली जाते, वेग वाढला की ती जास्त ओढली जाते, त्यामुळे भोकं नेहमी लहानच होतात, मोठी होत नाहीत. दांडा जात होता, पण ढकलावा लागत होता. ४० ला माप १२.२५ आलं आणि दांडा आपल्या वजनाने खाली बसला. म्हणजे बाहेरच्या भिंतीचा वेग शेवटी भिंतीने ठरवला नाही, भोकाने ठरवला. छोट्या वर्तुळांसाठी वेगळा वेग द्यायची सोय स्लायसरमध्ये असते. सपाट भिंत ६० वर आणि भोकं ४० वर असं करता आलं असतं, त्यातून आठेक मिनिटं मिळाली असती. ते मी का केलं नाही ते पुढे येईल.

आतल्या दोन रेघांचं मला वाटलं होतं की काही प्रश्न नाही, कुणाला दिसत नाहीत, १२० ठेवा. ठेवल्या. बाहेरची ४०, आतल्या १२०. ठोकळ्याच्या मागच्या बाजूला जिथे प्रत्येक थराची बाहेरची रेघ सुरू होते, तिथे वरपासून खालपर्यंत एक वरंबा उठला. कॅलिपरने रुंदी इतरत्र ८०.०५ आणि वरंब्यावर ८०.२५. भोकाच्या आतही तोच प्रकार, आणि तिथे तर दांडा नेमका त्यावर अडायचा.

कारण नोझलमधल्या दाबात आहे. आतली रेघ १२० ने काढताना एक्सट्रूडर प्लास्टिकची तार, म्हणजे फिलामेंट, नोझलमध्ये जोरात ढकलत असतो आणि नोझलच्या आत वितळलेलं प्लास्टिक दाबाखाली असतं. लगेच बाहेरची रेघ ४० ने सुरू होते. ढकलणं कमी झालं तरी साठलेला दाब एका क्षणात उतरत नाही, आणि रेघेचे पहिले काही मिलिमीटर जाड येतात. वेगातला फरक जितका मोठा तितका हा वरंबा मोठा. फर्मवेअरमधली प्रेशर अॅडव्हान्सची सोय यासाठीच असते, आणि ती त्या फिलामेंटसाठी नीट जुळवलेली असेल तर तिप्पट फरकही खपून जातो. माझी जुळवणी जुन्या फिलामेंटची होती आणि ती नव्याने करण्यात अर्धा दिवस घालवायची माझी तयारी नव्हती. आतल्या रेघा ८० वर आणल्या, म्हणजे बाहेरच्यापेक्षा दुप्पट. वरंबा नखाला लागेल न लागेल इतका उरला. १२० ऐवजी ८० केल्याची किंमत तेरा मिनिटं. पण ५० च्या तुलनेत बावीस मिनिटं वाचलीच: ६२ ची ४० झाली.

शिवाय आतल्या रेघा दिसत नाहीत हेही अर्धंच खरं. बाहेरची रेघ आतल्या रेघेला टेकून बसते. आतली वाकडीतिकडी गेली असेल तर तिचा आकार बाहेर पुसटसा उमटतो. त्यामुळे त्यांना इन्फिलसारखं मोकाट सोडता येत नाही.

इन्फिलला मात्र सोडता येतं. १२९ मिनिटांचा सगळ्यात मोठा घास तोच होता. तिथे प्रश्न एकच: नोझल किती प्लास्टिक वितळवू शकते. रेघेची रुंदी, थराची उंची आणि वेग यांचा गुणाकार केला की सेकंदाला किती घन मिलिमीटर लागतात ते निघतं. ०.४५ गुणिले ०.२ गुणिले १२० म्हणजे १०.८. रेघेच्या कडा गोल असतात म्हणून खरा आकडा थोडा कमी, पण अंदाजाला हा पुरतो.

माझ्या नोझलची कुवत मी मोजून घेतली. नोझल २१० अंशांवर ठेवून हवेतच प्लास्टिक सोडायचं. एक्सट्रूडरच्या तोंडापासून १२० मिमीवर फिलामेंटवर पेनने खूण करायची, १०० मिमी ढकलायला सांगायचं, आणि खूण किती सरकली ते बघायचं.

```
M83
G1 E100 F300
```

१.७५ मिमीच्या फिलामेंटचा छेद साधारण २.४ चौरस मिलिमीटर. मिनिटाला ३०० मिमी म्हणजे सेकंदाला ५ मिमी, म्हणजेच १२ घन मिलिमीटर. या वेगाला १०० पैकी ९८ मिमी आत गेलं. `F360` केलं, म्हणजे १४.४, तर ९३ गेलं आणि एक्सट्रूडर टकटक करायला लागला. ती टकटक म्हणजे दात फिलामेंटवरून घसरतायत. हवेत सोडणं हे प्रत्यक्ष छापण्यापेक्षा सोपं असतं, म्हणून १२ ला शिवायचं नाही असं ठरवलं. इन्फिल १२० वर पक्कं झालं.

इथे एक गैरसमज बाजूला करतो. इन्फिलचा वेग २०० लिहिला तर काय होईल? स्लायसरमध्ये प्रवाहाची मर्यादा १२ लिहिलेली असेल तर तो वेग आपोआप १३३ च्या आसपास अडवेल. आणि त्यातही प्रत्येक रेघ थांब्यापासून सुरू होऊन थांब्यापाशी संपते. २००० च्या प्रवेगाने १२० गाठायला ३.६ मिमी लागतात आणि उतरायला तेवढेच. माझ्या इन्फिलच्या रेघा सरासरी सत्तर मिमीच्या, म्हणून मला फटका कमी. हाच ठोकळा चौथाई आकाराचा असता तर वेगाचा बराच भाग चढउतारातच गेला असता. माझ्या बाबतीत १२० वरून १३३ केल्याने चार मिनिटं वाचली असती. मर्यादा लिहिलेलीच नसती तर २०० च्या वेगाला १८ घन मिलिमीटर लागले असते, आणि इन्फिलच्या जागी तुटक दोरे मिळाले असते.

इन्फिल १२० वर गेल्यावर १२९ मिनिटांची ५७ झाली. एवढ्या एका रकान्याने सव्वा तास दिला. ग्रिडमध्ये रेघा एकाच थरात एकमेकींना छेदतात, त्यामुळे नोझल त्या छेदांवरून जाताना टिकटिक आवाज येतो. ठोकळा बेडला घट्ट बसलेला होता म्हणून दुर्लक्ष केलं. उंच सडपातळ वस्तू असती तर इन्फिलचा नमुनाच बदलला असता.

भरीव थर उरले. खालचे चार आणि वरचे पाच. त्यातला पहिला थर वेगळा, सगळ्यात वरचा वेगळा, मधले सात कुणालाच दिसत नाहीत. ते १०० वर नेले. सगळ्यात वरचा ३५ वर आणला, रेघेची रुंदी ०.४५ ऐवजी ०.४२ केली, म्हणजे रेघा जवळजवळ बसतील. सहा मिनिटांची नऊ झाली. तीन मिनिटांत चकाकता सपाट पृष्ठभाग मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

पण मिळाला नाही. रेघा नीट बसल्या होत्या, फटी गेल्या होत्या, सुईचे खड्डे मात्र तसेच. वेग २० केला. सोळा मिनिटं गेली आणि खड्डे तिथेच, त्याच जागी. यात माझी जवळजवळ एक दुपार गेली. नोझलचं तापमान पाच अंश खाली, पंखा पूर्ण, काही फरक नाही.

शेवटी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं की खड्डे कुठेही पडत नाहीयेत. एकमेकांपासून सहा मिमीवर, चौकटीत पडतायत. १५ टक्के ग्रिडमध्ये ०.४५ ची रेघ असली की चौकटीची बाजू नेमकी सहा मिमी येते. म्हणजे खड्डे इन्फिलच्या रिकाम्या चौकटींच्या मधोमध होते. प्रिव्ह्यू उघडून एकेक थर खाली गेलो. वरून पाचवा थर, म्हणजे इन्फिलवर पडणारा पहिला भरीव थर, हवेत पूल बांधत जातो: सहा मिमीची चौकट, खाली काहीच नाही. त्याचा वेग स्लायसर वेगळा ठेवतो, आणि मी पहिल्या दिवशी सगळे रकाने निवडून १२० लिहिलं तेव्हा तोही १२० झाला होता. परत आणायचा राहून गेला होता. त्या वेगाला रेघ चौकटीवर ताणून बसण्याआधीच तुटत होती किंवा खाली लोंबत होती, आणि वरचे चार थर त्या खळग्यावर पांघरूण घालायचा प्रयत्न करत होते. ते बहुतेक ठिकाणी जमलं, काही ठिकाणी नाही.

तो एक थर ४० वर आणला. अडीच-तीन मिनिटांऐवजी आठ लागली. वरचा थर परत ३५ वर नेला. खड्डे गेले. वरच्या पृष्ठभागात दोष दिसला की सगळे वरच्या पृष्ठभागाचा वेग कमी करतात, मीही तेच केलं, आणि दोष होता चार थर खाली.

शेवटी जे उरलं ते हे:

```
outer_wall_speed = 40
outer_wall_acceleration = 700
inner_wall_speed = 80
sparse_infill_speed = 120
internal_solid_infill_speed = 100
internal_bridge_speed = 40
top_surface_speed = 35
```

वेळेचा नवा तक्ता: बाहेरची भिंत ३९, आतल्या रेघा ४०, इन्फिल ५७, आतले भरीव थर १९, इन्फिलवरचा पुलासारखा थर ८, वरचा थर ९, पहिला थर १२, बाकी १३. एकूण ३ तास १७ मिनिटं. नमुन्यापेक्षा एक तास ३९ मिनिटं कमी, आणि भिंत व वरचा थर दोन्ही नमुन्यापेक्षा हळू काढलेले. सरसकट १२० च्या प्रिंटपेक्षा ५३ मिनिटं जास्त.

ती ५३ मिनिटं खुपत होती, म्हणून दिवसाचं गणित पुन्हा मांडलं. सोळा तासांत ३ तास १७ मिनिटांचे चार ठोकळे आणि रात्रीचा एक, असे पाच. पाच दिवसांत पंचवीस. दिवसा पाचवा ठोकळा बसवायचा तर प्रत्येकामागे अजून पंचवीस मिनिटं कापावी लागली असती. त्याहून कमी कापली तर ठोकळ्यांच्या संख्येत काहीच फरक नाही. भोकं सोडून सपाट भिंत ६० वर नेण्याची आठ मिनिटं म्हणूनच मी घेतली नाहीत. त्यांनी फक्त मशीन थोडं लवकर रिकामं झालं असतं. बाहेरची भिंत सरसकट ६० आणि आतल्या रेघा १२० केल्या की बरोबर सव्वीस मिनिटं मिळत होती. म्हणजे पुन्हा घट्ट भोकं आणि वरंबा. खरं तर त्यापेक्षा इन्फिल १५ वरून १० टक्क्यांवर आणणं शहाणपणाचं होतं, त्यातच एकोणीस मिनिटं होती. पण मग वरच्या पुलाच्या चौकटी सहाऐवजी नऊ मिमीच्या झाल्या असत्या, आणि समोरच्यांनी नमुना हातात तोलून होकार दिला होता. हलका ठोकळा त्यांच्या हाती ठेवणं मला पटलं नाही.

टोपणांनी मात्र या सगळ्या आकड्यांची जागा दाखवली. टोपण २० मिमी व्यासाचं, १५ मिमी उंच. तेच प्रोफाइल लावलं आणि प्रिव्ह्यू बघितला तर वेगाचे सगळे रंग एकसारखे निळे. एका थराचं सगळं काम चार सेकंदांत संपत होतं, आणि थराला किमान आठ सेकंद लागलेच पाहिजेत असं थंड होण्याच्या रकान्यात लिहिलेलं. त्यामुळे स्लायसर सगळ्याच रेघांचा वेग उतरवत होता. १२० काय आणि ८० काय, छापताना सगळंच मंद. तो किमान वेळ कमी करून बघितला तर टोपणाचा वरचा भाग मऊ राहून एका बाजूला झुकला.

उपाय वेगात नव्हता. आठ टोपणं एकाच बेडवर अंतर ठेवून लावली. एक थर अडतीस सेकंदांचा झाला, थंड व्हायला भरपूर वेळ मिळाला आणि प्रत्येक रेघ तिच्या ठरवलेल्या वेगाने चालली. आठ टोपणांना ४७ मिनिटं लागली. एका टोपणावरून दुसऱ्यावर जाताना बारीक तंतू सुटत होते, ते गरम हवेच्या एका फटकाऱ्याने गेले.

पंचवीसपैकी ठोकळ्यांना लागत होते चोवीसच फेरे. उरलेल्या एका फेरीच्या वेळात टोपणांचे तिन्ही बेड बसले.